'मग ते पैसे माझे नव्हतेच ना?'

नमस्कार ताई,
माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. मुलगा पाच वर्षांचा. गेल्या दिवाळीत पाडवा आणि भाऊबीज मिळून मुलीला ओवाळणीचे दीड हजार रुपये जमले. देण्याची सवय लागावी म्हणून आम्ही तिला सांगितलं, 'यातले तीनशे आश्रमशाळेच्या मुलांसाठी दे.' तिने दिले, पण तोंड पाडून. रात्री म्हणाली, 'मग ते पैसे माझे नव्हतेच ना?' वाढदिवसाला आलेली रंगपेटी धाकट्याबरोबर वाटून घे म्हटलं, तर तिने ती कपाटात कपड्यांखाली दडवली. कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला जुनी खेळणी दे म्हटलं, तर मोडकी तेवढी काढून दिली. सासूबाई म्हणतात, पोरगी हातची सुटत चालली आहे. शाळेतूनही दर वर्षी मदतनिधीची चिठ्ठी येते, ते पैसे आम्हीच भरतो. मुलांनी मनापासून, आनंदाने द्यावं असं वाटतं. काय करू?
– एक आई, सातारा

नमस्कार,

सगळ्यात आधी ते तीनशे रुपये तिला परत द्या. आश्रमशाळेकडून मागून आणायचे नाहीत, तुमच्या पाकिटातून द्यायचे. तिला जवळ बसवून एवढंच सांगा की ते पैसे तुझे होते आणि कुठे द्यायचे हे मात्र आम्ही ठरवलं, म्हणून ती देणगी आमची धरू या, हे घे तुझे पैसे. यापुढे एक अक्षर नको. 'आता यांचं काय करशील?' असं तर मुळीच विचारू नका, कारण त्या प्रश्नात तिला पुन्हा तीच मागणी ऐकू येईल. ती कदाचित त्या पैशांची चॉकलेटं आणेल, नाहीतर पर्समध्ये ठेवून रोज मोजत बसेल. मोजू द्या. मुलीने रात्री विचारलेला प्रश्न अगदी बिनचूक होता आणि त्याला कृतीने उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं काही सुरू होणार नाही.

असं का, ते सांगते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2012 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन वर्षांच्या आतल्या मुलांसमोर खाऊचा वाडगा ठेवला आणि म्हटलं, हा सगळा तुझा. समोर एक हातात घालून नाचवायची बाहुली होती, तिला खाऊ दिला की ती मिटक्या मारत 'खायची'. कधी बाहुलीला प्रयोग करणाऱ्या बाई खाऊ देत, कधी त्या बाईंना 'सापडलेला' जादा खाऊ मूल देई, आणि कधी मूल स्वतःच्या वाडग्यातला देई. प्रत्येक वेळी मुलाच्या चेहऱ्याचं चित्रण झालं आणि कोणत्या वेळी ते किती खुललं, हे नंतर पाहिलं गेलं. स्वतःला खाऊ मिळाला तेव्हापेक्षा तो बाहुलीला देताना मुलं जास्त खूष दिसली. आणि जादा सापडलेला खाऊ देताना जेवढी खुलली, त्याहून अधिक ती स्वतःच्या वाडग्यातला देताना खुलली. म्हणजे देण्यातला आनंद आपण शिकवायला जायच्या आधीच मुलात असतो, पण तो 'हे माझं आहे' या जाणिवेला धरून असतो. ती जाणीवच काढून घेतली की मुलाच्या वाट्याला फक्त पैसे जाणं उरतं.

तुम्हाला नेमका लागू पडेल असा आणखी एक अभ्यास चीनमध्ये तीन आणि पाच वर्षांच्या मुलांवर झाला, तो 2017 साली प्रसिद्ध झाला. काही मुलांनी आपणहून वाटून दिलं, काहींना 'द्यायलाच हवं' असं सांगितलं होतं. आपणहून देणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. सांगितलं म्हणून देणाऱ्यांच्या चेहऱ्यावर तो तसा दिसला नाही. हीच गोष्ट तुम्ही घरी पाहिलीत.

आता तुम्ही म्हणाल, तिच्यावर सोडलं तर ती देणारच नाही. सुरुवातीला काही वेळा नाही देणार. आणि तिथेच तुमची परीक्षा आहे, कारण 'नाही' म्हणायची खरी मोकळीक असल्याशिवाय 'हो' तिचं होत नाही. अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एक उदास बाहुला दाखवून त्याच्यासाठी स्टिकर द्यायला लावलं होतं. काहींना दुसरा मार्गच ठेवला नव्हता. काहींना मात्र खरी निवड होती: हा स्टिकर स्वतःकडे ठेव, नाहीतर बाहुल्याला दे. नंतर दुसरा बाहुला आणि आणखी स्टिकर समोर आले, तेव्हा आधी स्वतः निवड करून आलेल्या मुलांनी जास्त वाटले. एकदा स्वतः ठरवून दिलं की मूल स्वतःकडे देणारा म्हणून बघायला लागतं. आईने ठरवलं तर ते स्वतःकडे ऐकणारा म्हणून बघतं, आणि आईची पाठ वळली की ऐकणं संपतं.

म्हणून 'तुला द्यायचं आहे का?' असं विचाराल तर 'नाही' या उत्तराला 'बरं' म्हणायची तयारी ठेवूनच विचारा. आवाजात, कपाळावर, संध्याकाळच्या जेवणात त्या 'नाही'ची सावली नको. मुलं आपल्या तोंडाकडे पाहून उत्तर ओळखतात. तेवढी तयारी त्या दिवशी नसेल तर प्रश्न विचारूच नका.

याचा अर्थ घरात कसलेच नियम नसावेत असा नाही. इथे बऱ्याच घरांत गल्लत होते. घरात आणलेला खाऊ, टीव्ही, खिडकीजवळची जागा या गोष्टी घराच्या आहेत, त्यांची वाटणी न्यायानेच व्हायला हवी आणि ती तुम्ही बिनदिक्कत लावा. चिक्की एकाने मोडायची आणि दुसऱ्याने आधी उचलायची, हा नियम दोघांनाही पटतो आणि भांडणं कमी होतात. पण ही वाटणी झाली. तिची ओवाळणी, तिची रंगपेटी या तिच्या मालकीच्या गोष्टी आहेत. तिथे नियम लावला की तो मुलीला दंडासारखा वाटतो.

दोन्ही मुलांकडून एकच अपेक्षाही ठेवू नका. स्वित्झर्लंडमधल्या मुलांवर झालेल्या 2008 च्या एका अभ्यासात तीन-चार वर्षांची मुलं खाऊ वाटताना बहुतेक स्वतःचाच फायदा बघत होती, सात-आठ वर्षांची बरीचशी मुलं मात्र सारखी वाटणी पसंत करत होती. आणि नियम माहीत नसतो असंही नाही. 'सारखं वाटायला हवं' हे धाकटी मुलं तोंडाने बरोबर सांगतात, वेळ आली की जास्त स्वतःकडे ठेवतात, हेही अभ्यासात दिसलं आहे. त्यामुळे तुमच्या पाच वर्षांच्या मुलाला 'वाटून खावं बाळा' हे शंभराव्यांदा सांगून त्याच्या ज्ञानात काही भर पडत नाही. त्याच्याकडून सध्या पाळीपाळीने घेणं एवढंच मागा. मुलीचं वय मात्र याला अगदी योग्य आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

तिला आठवड्याचे पैसे ठरवून द्या. ओवाळणीची एकदम मोठी रक्कम हे देणं शिकायचं साधन नाही. ती वर्षातून एकदा येते, तिच्याभोवती सगळ्यांच्या नजरा असतात आणि चूक झाली तर सुधारायला पुढची दिवाळी उजाडावी लागते. त्या रकमेतला काही भाग पोस्टात तिच्या नावे ठेवायचा असेल तर तो भाऊबीजेच्या आधीच ठरवून तिला मोकळेपणाने सांगा, उरलेले तिच्या हाती द्या. आठवड्याच्या पैशांचं मात्र तसं नाही. चौथीतल्या मुलीला चाळीस-पन्नास रुपये पुरतात, त्यात तिचा खाऊ आणि बारीकसारीक हौस बसली पाहिजे. रक्कम घराला झेपेल ती ठेवा, पण वार ठरलेला हवा आणि अभ्यास, गुण, वागणूक यांच्याशी त्याचा संबंध नको. 'भावाला रडवलंस, आता या रविवारी पैसे नाहीत' असं एकदा झालं की ते पैसे पुन्हा तुमचे झाले.

हे पैसे सुट्टे द्या. पन्नासची एक नोट नको, दहाची पाच नाणी द्या. पन्नासच्या नोटेतून द्यायचं म्हणजे सगळं किंवा काहीच नाही. दहाची नाणी असली की मुलीला 'एक देऊ का दोन' असा विचार करता येतो, आणि तो विचार करणं हाच या साऱ्यातला खरा धडा आहे.

तीन डबे करा. बोर्नव्हिटाचे रिकामे डबे चालतील. एक खर्चाचा, एक साठवणीचा, एक कुणाला तरी काही द्यायचं असेल त्यासाठी. पुष्कळ पालक इथे ठरवून टाकतात की दहा टक्के तिसऱ्या डब्यात गेलेच पाहिजेत. मला ते पटत नाही. मोठ्या माणसाने स्वतःच्या पगारावर स्वतः घालून घेतलेला नियम ही चांगली गोष्ट आहे, पण नऊ वर्षांच्या मुलीवर दुसऱ्याने घातलेला तसाच नियम ही वसुली होते. तिसरा डबा फक्त ठेवा. काही आठवडे तो रिकामा राहील. त्याकडे बघून सुस्कारा टाकू नका. तुमचा स्वतःचाही एक तसा डबा तिथेच शेजारी ठेवा आणि तुम्ही त्यात टाकता, त्यातून काही आणता, ते तिला दिसू द्या. 'या महिन्यात माझ्या डब्यात साठ झाले, तुझ्या मावशीला चाफ्याची फुलं आवडतात, नेऊ या?' एवढं बोलणं पुरे.

पुढचा प्रश्न कुणाला द्यायचं हा. तुम्ही आश्रमशाळा निवडली, हेतू उत्तमच होता. पण त्या मुलांचा चेहरा तुमच्या लेकीने पाहिलेला नाही. त्या तीनशे रुपयांतून काय आलं, कोण हसलं, तिला काहीच कळलं नाही. प्रयोगातली बाहुली समोर बसून मिटक्या मारत होती, हे विसरू नका. आधी जवळच्या माणसाला, छोटं काहीतरी, आणि त्याचा उपयोग होताना डोळ्यांनी दिसेल असं.

माझ्या ओळखीच्या एका घरातलं सांगते. तिसरीतला मुलगा. त्याचे आजोबा रोज सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतात. पेन्सिल बोथट, खोडरबर नेहमी हरवलेलं, मग चुकलेल्या अक्षरावर दुसरं अक्षर गिरवायचं. हे त्या मुलाच्या आपोआप लक्षात आलं असं नाही. आईने एकदा सहज म्हटलं, 'आजोबांना कोडं सोडवताना कशाची अडचण होते, बघ बरं.' दोन दिवस तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मग शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून मागे रबर असलेली पेन्सिल आणि एक शार्पनर घेऊन आला. अठरा रुपये झाले. आईला वाटलं, आपण शंभर घालून छानसा पेन-सेटच घेऊन देऊ. तिने मोह आवरला, ते फार बरं झालं. आईचे शंभर मिसळले असते तर ती भेट आईची झाली असती आणि त्याचे अठरा त्यात बुडाले असते.

खरी अडचण पुढे आली. आजोबांनी पेन्सिल घेतली आणि सवयीने म्हणाले, 'अरे, कशाला खर्च केलास? ठेव तुला शाळेत,' आणि खिशातून पन्नासची नोट काढायला लागले. आपल्याकडची मोठी माणसं हे हटकून करतात. मुलाने दिलेलं घ्यायला त्यांना संकोच वाटतो, म्हणून ती ते परत करतात किंवा तिप्पट करून फेडतात. मुलाला त्यातून कळतं ते एवढंच की माझं देणं खरं नव्हतं, किंवा देणं म्हणजे जास्त मिळवायची युक्ती. त्या आईने डोळ्यांनी खुणावलं आणि आजोबांनी नोट आत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याच पेन्सिलीने कोडं सोडवायला घेतलं, एक शब्द खोडला, आणि नातवाला हाक मारून विचारलं, 'चार अक्षरी, उन्हाळ्यात घशाला हवंसं वाटणारं?' दोघं मिळून 'सरबत' बसतंय का ते मोजत राहिले. त्याला ताक, पन्हं, सोलकढी सगळं आठवलं, कोडं तसंच राहिलं. पण तो मुलगा पुढच्या महिन्यात आपणहून मित्राकडे स्केचपेनचं पाकीट घेऊन गेला. मित्राचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि पांढऱ्या प्लास्टरवर चित्रं काढायची कल्पना त्याचीच. तिथे कुणी त्याला काही सुचवलं नव्हतं.

तेव्हा सासूबाईंना या कामात सामील करून घ्या. नातीने काही दिलं तर ते घ्यायचं, वापरायचं, आणि वापरताना तिला दिसू द्यायचं. 'हातची सुटत चालली आहे' असं म्हणणाऱ्या आजीला नातीकडून पहिली छोटी भेट मिळाली तर घरातलं निम्मं काम झालं. मात्र तुम्ही नातीला तसं सुचवू नका. 'आजीला कशाची अडचण होते?' इथवर तुम्ही विचारायचं, पुढे तिचं तिला ठरवू द्यायचं.

दिल्यानंतर काय बोलायचं, यालाही महत्त्व आहे. बक्षीस नको. जर्मनीत वीस महिन्यांच्या मुलांवर झालेल्या 2008 च्या प्रयोगात, मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून दिल्याबद्दल ज्यांना दर वेळी खेळणं मिळालं, ती मुलं पुढे बक्षीस नसताना कमी मदत करू लागली. नुसत्या शाबासकीने तसं झालं नाही. म्हणजे कौतुकाला बंदी नाही. पण माझा कल असा आहे की 'किती शहाणी माझी बाई' म्हणण्याऐवजी झालेला परिणाम सांगावा. 'आजींनी आज दोनदा तीच वाटी घेतली, पाहिलंस?' पहिल्या वाक्याने मूल तुमच्याकडे बघतं, दुसऱ्याने त्या माणसाकडे. आणि देतानाचा फोटो काढून स्टेटसला टाकू नका. एकदा टाकला की पुढच्या वेळी मूल आधी मोबाइल कुठे आहे ते शोधतं.

रंगपेटीकडे वळू. लपवलेली रंगपेटी पाहून तुम्हाला वाईट वाटलं असेल, पण ज्याच्या वस्तूला घरात सुरक्षित जागा नाही तोच लपवतो. तिला कपाटातला एक कप्पा द्या, शक्यतो धाकट्याचा हात न पोहोचणारा. त्यातली वस्तू तिच्या परवानगीशिवाय कुणी घ्यायची नाही, तुम्हीसुद्धा नाही. नवीन भेट पहिले काही आठवडे कुणाशी वाटून घ्यायची अपेक्षाच धरू नका. नवेपणाची हौस फिटली की हात सैल होतो. पाहुण्यांची मुलं यायची असतील तर आधीच विचारा, 'आज कप्प्यात काय ठेवायचं आणि बाहेर काय?' जे बाहेर ठेवेल ते ती खेळायला देईल, कारण ते तिने निवडलेलं असेल. धाकट्यासाठी दहा रुपयांचे मेणाचे खडू वेगळे आणा. त्याला तिचीच पेटी हवी असते, हे मला माहीत आहे. पण 'ताईचं आहे, ताईला विचार' हे वाक्य त्याने ऐकायलाच हवं. तिला विचारलं जातं हे एकदा खात्रीचं झालं की ती कधीतरी स्वतःच्या हाताने निळा खडू काढून देईल.

मावशींच्या मुलीला मोडकी खेळणी दिली, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. 'जुनी खेळणी दे' असं सांगितलं की मूल अडगळच काढतं. आपण मोठेही तेच करतो, फाटके कपडे पिशवीत भरतो आणि दिले म्हणतो. यासाठी घरात एकच कसोटी ठेवा: हे मला कुणी दिलं असतं तर मी आनंदाने घेतलं असतं का? नाही म्हटलं तर ते भंगारात टाकायचं, द्यायचं नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या मुलीशी तुमच्या लेकीचं नातं फक्त देण्याघेण्याचं असू नये. एकजण नेहमी देणारी आणि दुसरी नेहमी घेणारी, यात दोघींचंही नुकसान आहे. ती मुलगी कधी आईबरोबर येत असेल तर दोघींना खेळू द्या. तिला एखादा खेळ येत असेल जो तुमच्या मुलीला येत नाही, सागरगोटे, काचापाणी, काहीही. तिच्याकडून शिकू द्या. मग कधी तुमची लेक स्वतःच्या कप्प्यातून तिच्यासाठी काही काढेल, ती भेट मैत्रिणीची असेल. तोवर त्या घरी काही द्यायचं असेल तर ते तुम्ही मावशींना द्या, मोठ्याने मोठ्याला, मुलांना मध्ये न आणता.

हे सगळं बरं चाललंय की पुन्हा जबरदस्तीकडे झुकतंय, ते तिच्या बोलण्यातून कळेल. 'किती दिले म्हणजे पुरे?' असं विचारायला लागली, दिल्याबरोबर तुमच्या तोंडाकडे पाहायला लागली, किंवा पैसे मोजून 'मी दिले, त्याने नाही दिले' असा हिशेब मांडू लागली, तर समजा की तिला पुन्हा कुठेतरी मागणी ऐकू येते आहे. दोन-चार आठवडे तो विषयच सोडून द्या. उलट ज्याला दिलं त्याची दुसऱ्या दिवशी चौकशी करत असेल, 'त्याने वापरलं का?' असं विचारत असेल, काय न्यायचं ते आधीपासून ठरवत असेल, तर तुम्ही बाजूला व्हा. रक्कम किती याकडे बघू नका.

एका उलट्या टोकाकडे मात्र लक्ष ठेवा. काही मुलं सगळंच देऊन टाकतात. डबा रिकामा, पट्टी-पेन्सिल वाटलेली, आणि विचारलं तर 'नाही दिलं तर ती माझ्याशी खेळणार नाही.' पालकांना वाटतं, मूल किती उदार. पण त्या देण्यामागे भीती असते. तुमच्या मुलीत तसं दिसलं तर दिलेल्या वस्तूवरून बोलू नका, त्या मैत्रिणीबद्दल बोला आणि गरज पडली तर बाईंना जाऊन भेटा.

राहिली शाळेची चिठ्ठी. 2 ते 8 ऑक्टोबरला दान उत्सव असतो, 2009 पासून तो देशभर होतो, आणि बऱ्याच शाळा त्याच सुमारास निधी जमवतात. तुमच्याकडे चिठ्ठी कधीही येवो, रक्कम ठरलेली असेल तर ती तुम्ही भरा आणि मुलीला तसं स्पष्ट सांगा की हे आईबाबांकडून आहे. 'तुझ्या हाताने दे' म्हणून पाकीट तिच्या दप्तरात घालू नका, त्याने तिच्या नावावर एक न केलेली गोष्ट चढते. रक्कम मोकळी असेल तर चिठ्ठी तिला वाचायला द्या आणि ते पैसे कशासाठी जाणार आहेत ते वर्गशिक्षिकांना विचारून ये म्हणा. उत्तर 'वह्यांसाठी' असं आलं तर तिला दुकानात न्या, शंभर पानी वही केवढ्याला मिळते ते तिलाच विचारू द्या, आणि डब्यातल्या नाण्यांत किती वह्या बसतात ते तिचं ती मोजेल. एक बसली तर एक. यंदा एकही द्यावीशी वाटली नाही, तर तुमची रक्कम जाणारच आहे, शाळेचं काही अडत नाही.

पुढच्या भाऊबीजेच्या आधी, म्हणजे धनत्रयोदशीच्या आसपास, तुम्ही दोघांनी बसून एवढं मात्र नक्की करा की ओवाळणीतले किती पोस्टात जाणार आणि किती तिच्या हाती राहणार. तो आकडा तिला सांगा आणि तिच्या हाती राहतील त्या पैशांबद्दल घरातल्या कुणीही, अगदी मामानेसुद्धा, काही सुचवायचं नाही असं सगळ्यांना आधीच बजावून ठेवा.